मागील सभेच्या इतिवृत्तावरची कार्यवाही: प्रलंबित विषय पुढच्या सभेत नेमके कसे न्यायचे?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार. आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीचं सचिवपद नुकतंच माझ्याकडे आलं आहे. समितीची सभा दर महिन्याला होते. विषयपत्रिकेवर पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि दुसरा "मागील सभेतील विषयांवरील कार्यवाहीचा आढावा" हे ठरलेलेच.

कामकाज समजून घ्यायला मी जुनं इतिवृत्ताचं रजिस्टर वाचायला घेतलं. जानेवारीच्या सभेत ठरलं आहे, "वरच्या टाकीच्या गळतीबाबत सचिवांनी पाठपुरावा करावा." फेब्रुवारीत लिहिलंय "पाठपुरावा चालू आहे." मार्चमध्ये शब्दन् शब्द तेच. एप्रिलच्या इतिवृत्तात टाकीचा उल्लेखच नाही. काम झालं म्हणून विषय काढला, की लिहायचा राहिला, हे रजिस्टरवरून कळायला मार्ग नाही. टाकी अजून गळते आहे. असे आणखीही विषय आहेत.

उलट दुसऱ्या बाजूने पाहिलं तर याच आढाव्यात सभेचा निम्मा वेळ जातो. प्रत्येक विषयावर पुन्हा पहिल्यापासून चर्चा होते आणि नवे विषय रात्री साडेदहानंतर सुरू होतात.

तर प्रश्न असे की प्रलंबित विषय इतिवृत्तातच लिहीत जायचे की वेगळी यादी ठेवायची? विषय यादीतून काढायचा कधी, आणि तो काढायचा कोणी? सभेत नेमकं काय वाचून दाखवायचं?

---

अभंग

सोपं आहे. एक एक्सेल शीट करा. विषय, जबाबदारी, तारीख, "प्रलंबित" किंवा "पूर्ण". समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. आम्ही तेच करतो.

फक्त एक काळजी घ्या. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत कुठल्याही ठरावावर काम सुरू करायचं नसतं. आमच्या आधीच्या अध्यक्षांनी हे फार काटेकोरपणे पाळलं. त्यामुळे पहिल्या महिन्यात "कार्यवाही नाही" असंच दिसणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

---

संध्या_डोंबिवली

आमच्याकडे तर सचिव इतिवृत्ताची प्रत द्यायलाच तयार नाहीत. वार्षिक सभा होऊन कित्येक महिने झाले. मी दोनदा तोंडी मागितली. "कायम झालं की देऊ" म्हणतात. यावर काय करता येईल? सभासदाला हक्क आहे ना?

---

वसुधाताई

मृण्मयी, महापालिकेच्या सचिव खात्यात माझी नोकरी झाली. विषयपत्रिका, इतिवृत्त आणि अनुपालन यातच ती गेली. आता निवृत्तीनंतर काही सोसायट्यांना मदत करते. तुझ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, पण आधी अभंग यांच्या मुद्द्याबद्दल, कारण हा समज फार पसरलेला आहे.

ठराव ज्या क्षणी सभेत मंजूर होतो, त्या क्षणापासून तो लागू असतो. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतात तेव्हा एवढंच पाहायचं असतं की जे ठरलं ते बरोबर लिहिलं गेलं आहे का. कोणी म्हणालं, "तीन दरपत्रकं ठरली होती, इथे दोन लिहिलंय," तर ती दुरुस्ती होते, आणि तीही जुन्या पानावर खाडाखोड न करता त्या दिवसाच्या इतिवृत्तात नोंदवून. "मला आता तो निर्णय पटत नाही" हे त्या वेळी बोलायचं नसतं. निर्णय बदलायचा तर तो विषय पत्रिकेवर रीतसर घ्यायचा. मासिक सभेत कायम होण्याची वाट पाहिली तर प्रत्येक कामाचा पहिला महिना फुकट जातो, आणि पावसाळ्यापूर्वी करायची कामं तिथेच हुकतात.

अभंग यांच्या म्हणण्यात खरा भाग इतकाच की ठरावाच्या शब्दांवर वाद होण्यासारखा असेल तर मसुदा लगेच सर्वांना पाठवावा. म्हणजे काम चुकीच्या शब्दांवर सुरू होत नाही.

संध्याताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. वार्षिक सभेचं इतिवृत्त पाहण्याचा सभासदाला नक्कीच हक्क आहे. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रतीचं शुल्क भरायची तयारी त्यातच लिहा. उत्तर आलं नाही तर उपनिबंधक कार्यालयात त्या पोचेच्या आधारे जाता येतं. वेगळा धागा काढलात तर तिथे नीट बोलू.

---

अभंग

ताई, हे मला नवीन आहे. पण उद्या कायम करताना कोणी आक्षेप घेतला आणि तोवर पैसे खर्च झाले असतील तर?

---

वसुधाताई

आक्षेप नोंदीवर असेल तर नोंद दुरुस्त होते. ठराव ज्या शब्दांत मंजूर झाला त्या शब्दांप्रमाणेच खर्च झाला असेल तर तो वैधच राहतो. म्हणूनच माझी सवय अशी की ठराव मंजूर होतानाच सभेत मोठ्याने वाचायचा आणि सूचक, अनुमोदकाची नावं तिथेच लिहून घ्यायची. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या ठरावावरच पुढे भांडणं होतात.

आता मृण्मयीचा मूळ प्रश्न. टाकीचा विषय एप्रिलमध्ये हरवला असं तुला वाटतं. खरं तर तो जानेवारीतच हरवला होता. "सचिवांनी पाठपुरावा करावा" यात काम कोणतं, ते केव्हा संपेल आणि संपलं हे कशावरून ओळखायचं, यातलं काहीच नाही. पाठपुरावा कधी संपत नाही, त्यामुळे "चालू आहे" हे उत्तर दर महिन्याला खरंच असतं. तीन महिने तेच लिहून लिहिणारा कंटाळतो आणि चौथ्या महिन्यात ओळ गळते.

इतिवृत्त लिहिताना ठरावाच्या खाली कामाची वेगळी ओळ लिही. करायची गोष्ट अशी असावी की ती झाली की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येईल. जबाबदारी एका माणसाची, "समिती" किंवा "सर्व पदाधिकारी" नाही. मुदत म्हणजे दिनांक. आणि त्या ओळीला एक क्रमांक, जो पुढे कधीच बदलत नाही.

क्रमांकाचं महत्त्व लोकांना पटत नाही. बहुतेक ठिकाणी दर महिन्याला प्रलंबित विषयांना नव्याने १, २, ३ घालतात. मग मार्चमधला ४ आणि एप्रिलमधला ४ हे वेगळे विषय होतात आणि मधून एखादा गळला तर कोणाच्या लक्षात येत नाही. मी वर्ष, महिना आणि त्या सभेतला विषय असा क्रमांक देते. जानेवारी २०२५ च्या सभेतला चौथा विषय म्हणजे २०२५/०१/०४. तो विषय डिसेंबरपर्यंत रेंगाळला तरी हाच क्रमांक राहतो. म्हणजे किती जुना आहे हे क्रमांकावरूनच समजतं.

---

नाना_कोथरूड

वसुधाताई, मी बारा वर्षं अध्यक्ष होतो. एवढं सगळं छोट्या सोसायटीत कोण करणार? सचिव नोकरी सांभाळून हे काम करतो. आमच्याकडे मी स्वतः एक डायरी ठेवायचो आणि एकही काम सुटलं नाही.

---

खतावणी

नाना, तुमच्यासारखा अध्यक्ष असेल तर डायरी चालते. पण निवडणूक झाली की डायरी घरी जाते. मी सोसायट्यांची लेखापरीक्षणं करतो. नव्या समितीकडे पदभार देताना दप्तराची यादी असते, चाव्या असतात, बँकेची कागदपत्रं असतात. चालू असलेल्या कामांची यादी क्वचितच सापडते. मग आधीच्या समितीने लिफ्टच्या ठेकेदाराला काय सांगितलं होतं हे नव्या समितीला ठेकेदाराकडूनच कळतं, आणि तो त्याच्या सोयीचं सांगतो.

लेखापरीक्षणाच्या बाजूने एक भर घालतो. यादीत फक्त सभेतल्या ठरावांची कामं येतात असं नाही. लेखापरीक्षण अहवालात दाखवलेले दोष हीसुद्धा समितीच्या डोक्यावरची कामंच आहेत. अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी अहवाल सभेत "वाचून नोंद घेण्यात आली" एवढंच होतं, आणि मुदत उलटल्यावर सचिव एका रात्रीत सगळे शेरे लिहायला बसतात. अहवाल ज्या सभेत येतो त्याच सभेत प्रत्येक दोषाची एक ओळ यादीत घातली तर तीन मासिक सभांमध्ये ते काम आपोआप उरकतं.

---

मृण्मयी_ठाणे

खूपच उपयोगी. वसुधाताई, एखादा विषय सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा गेला हे दाखवाल का? मला विशेषतः कळत नाही ते हे की काम अर्धं झालं आणि त्यातून दुसरंच काम निघालं, तर ते त्याच क्रमांकावर चालू ठेवायचं का.

---

वसुधाताई

आमच्याच इमारतीतला एक विषय घेते. ४२ सभासद आहेत. चौथ्या मजल्यावरच्या घरात छताला ओल आली म्हणून जानेवारी २०२५ मध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आला. नोंदी अशा होत्या:

२०२५/०१/०४
१२ जानेवारी: बी विंगच्या गच्चीची पाहणी करून तीन दरपत्रकं आणणे. जबाबदारी: खजिनदार. मुदत: २ फेब्रुवारी.
९ फेब्रुवारी: दोन दरपत्रकं आली. तिसऱ्या ठेकेदाराने पाहणी केली, दर दिला नाही. पुढे: तो देत नसेल तर दुसऱ्याकडून घेणे. खजिनदार, १ मार्च.
९ मार्च: तिन्ही दरपत्रकं आली, सर्वांत कमी १,८६,००० रुपये. बंद. पुढील काम २०२५/०३/०६ पाहा.

इथे दोन गोष्टी बघ. फेब्रुवारीत "काम प्रगतीपथावर" लिहिलेलं नाही. मागच्या सभेपासून काय झालं आणि आता पुढचं एक पाऊल कोणतं, एवढंच आहे. मुदत हुकली हे लपवलेलं नाही. जुनी तारीख तशीच राहिली आणि नवी तिच्या खाली आली. काही सचिव जुनी तारीख पुसून नवी घालतात. मग यादीत कुठलंच काम उशिरा झालेलं दिसत नाही, आणि यादी ठेवण्यात अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्चमध्ये विषय बंद केला, गच्ची गळत असतानाही. कारण त्या क्रमांकाचं काम "दरपत्रकं आणणे" होतं आणि ते झालं. २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत आदर्श उपविधींप्रमाणे समितीला दुरुस्तीवर एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. १,८६,००० चा निर्णय सर्वसाधारण सभेचा. म्हणून नवी ओळ आली:

२०२५/०३/०६
९ मार्च: विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढणे, तिन्ही दरांचा तुलनात्मक तक्ता जोडून. जबाबदारी: सचिव. मुदत: १६ मार्च. (२०२५/०१/०४ वरून)
१३ एप्रिल: नोटीस १५ मार्चला दिली, सभा ३० मार्चला झाली, ठराव मंजूर. बंद. सर्वसाधारण सभेच्या यादीत स/२०२५/०२ पाहा.

एकाच क्रमांकावर सगळं रेटलं असतं तर सहा महिने "गच्ची: चालू" एवढंच दिसलं असतं. लहान तुकडे केले की कुठे अडलं ते दिसतं. आणि दोन्हीकडे एकमेकांचे क्रमांक लिहिले की साखळी तुटत नाही.

---

अभंग

"सर्वसाधारण सभेची यादी" वेगळी का? समिती तीच, माणसं तीच.

---

वसुधाताई

माणसं तीच, पण काम सोपवणारा वेगळा. समितीने स्वतःवर घेतलेलं काम समिती बंद करू शकते. सर्वसाधारण सभेने सोपवलेलं काम समितीने फक्त करायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा. ते झालं असं मान्य करणं, किंवा आता नको म्हणून सोडून देणं, हे सर्वसाधारण सभेनेच करायचं.

व्यवहारात घोटाळा इथेच होतो. वार्षिक सभेत ठरतं की पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नियम करावा. समिती दोन-तीन सभांत चर्चा करते, जमत नाही, आणि समितीच्या इतिवृत्तात "विषय बंद" होतो. सभासदांना पत्ता नाही. पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारतं आणि वातावरण तापतं. दोन याद्या असतील तर वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर त्या सभेच्या ठरावांचा अनुपालन अहवाल जोडता येतो. समितीच्या बारीकसारीक कामांत तो हरवत नाही.

गच्चीचं शेवटी काय झालं तेही सांगते. स/२०२५/०२ बंद करण्याची खूण ठरावातच लिहिली होती: "काम झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी साठवून चाचणी, आणि खालच्या सदनिकाधारकाची ओल नसल्याबद्दल सही." मे महिन्यात काम पूर्ण झालं, ठेकेदाराने बिल दिलं. खजिनदार म्हणाले, बिल आलं, विषय बंद करा. पण चाचणीत एका कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपजवळ, पाणी उतरलं. तो सांधा त्याने पुन्हा केला, दुसरी चाचणी नीट झाली, मग उरलेले पैसे दिले. बिल येणं ही काम झाल्याची खूण नव्हे. खूण आधी लिहून ठेवली नसती तर त्या दिवशी आमचा विषय नक्की बंद झाला असता.

---

खतावणी

हे उदाहरण मी उचलणार आहे.

पैशांच्या बाबतीत आणखी एक खाच सांगतो. विषय पुढे नेला म्हणजे मंजुरीही जशीच्या तशी पुढे जाते असं लोक धरतात. दरपत्रकावर बहुधा वैधतेची मुदत असते, ३० दिवस वगैरे. जानेवारीत ६०,००० ला मंजूर झालेलं काम ऑगस्टमध्ये करायला घेतलं आणि ठेकेदार ७४,००० म्हणाला, तर ते जुनं प्रलंबित काम राहिलंच नाही. रक्कम बदलली, म्हणजे निर्णयाचा आधार बदलला. विषय पत्रिकेवर पुन्हा घेऊन नवा ठराव लागतो. मी तपासताना व्हाउचरची रक्कम आणि ठरावाची रक्कम जुळवून पाहतो. फरक दिसला की विचारतो. "आढाव्यात सगळ्यांनी मान डोलावली होती" हे उत्तर वरचेवर मिळतं, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

---

वसुधाताई

अगदी बरोबर. "कार्यवाहीचा आढावा" या विषयाखाली नवा निर्णय घ्यायचा नाही हा माझा पक्का नियम. जे सदस्य त्या दिवशी आले नाहीत त्यांनी नोटीस वाचून ठरवलेलं असतं की आज महत्त्वाचं काही नाही. आढाव्याच्या आडून खर्च मंजूर झाला तर ती त्यांची फसवणूक होते. आढावा करताना निर्णयाची गरज दिसली तर एकच नोंद करायची: "पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा." फारच तातडीचं असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय म्हणून वेगळा घ्यावा आणि वेगळा लिहावा.

मृण्मयी, तुमचा अर्धा वेळ जातो त्याचंही कारण हेच असणार. प्रत्येक प्रलंबित विषयावर पुन्हा निर्णय घ्यायला बसता. यादी नोटिशीबरोबरच पाठव. समितीच्या सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी जाते, तर त्याच्या दोन दिवस आधी ज्याचं त्याने आपल्या ओळीखाली काय झालं ते लिहून द्यायचं. सचिवाने सगळ्यांच्या वतीने आठवून लिहायचं नाही. सभेत फक्त दोन प्रकार वाचायचे: ज्यांची मुदत उलटली ते, आणि जिथे कोणाची तरी मदत हवी आहे ते. मुदतीत चाललेल्या कामांबद्दल बोलायची गरज नाही, ती सगळ्यांनी वाचलेली असतात. आजच्या पत्रिकेवर ज्याचा स्वतंत्र विषय आहे तोही आढाव्यात सोडायचा, नाहीतर एकाच गोष्टीवर दोनदा चर्चा होते.

बंद झालेला विषय एकदा, फक्त त्याच सभेच्या यादीत, "बंद" म्हणून दाखवायचा. पुढच्या यादीत तो नसतो, पण फाइलमध्ये राहतो. आणि सभेनंतर ती यादी अध्यक्षांच्या सहीने इतिवृत्ताला परिशिष्ट म्हणून जोडायची. नुसती एक्सेलमध्ये ठेवली तर कोणी कधी काय बदललं ते कळत नाही, अभंग.

---

गोदाकाठ

मी ग्रामपंचायतीत काम करतो. आमच्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, आणि लगेच लोक विचारतात, "मागच्या वेळच्या ठरावाचं काय झालं?" लोकांचं बरोबरच आहे. पण आमचे निम्मे ठराव असे असतात की काम आमच्या हातात नाही. शाळेच्या दोन खोल्यांसाठी जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव. रस्त्यात आलेला विजेचा खांब हलवायला महावितरणला पत्र. आम्ही पत्र दिलं, आमचं काम संपलं. विषय बंद लिहिला तर गावकरी म्हणतात खांब तर तिथेच आहे. चालू लिहिला तर वर्षानुवर्षं चालूच. यात एक माणूस आणि एक तारीख कशी घालायची? खांब हलवण्याची तारीख मी कशी देऊ?

---

वसुधाताई

खांब हलवण्याची तारीख देऊच नका, ती तुमच्या हातात नाही. पण तुमचं पुढचं पाऊल तुमच्या हातात असतं. ओळ अशी लिहा: "पत्र जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी दिलं. उत्तराची प्रतीक्षा. उत्तर न आल्यास अमुक तारखेला उपविभागीय कार्यालयात प्रत्यक्ष भेट." स्थिती "प्रतीक्षा" आणि तारीख चौकशीची. तीन महिन्यांनी ग्रामसभेत उभं राहिल्यावर "पत्र दिलंय" याऐवजी "पत्र दिलं, अमुक दिवशी भेटलो, अंदाजपत्रकाची रक्कम भरायला सांगितली आहे" हे सांगता येतं. खांब हलवण्याचा खर्च कोणी भरायचा हा प्रश्न अशा वेळी बहुधा निघतोच. तो निघाला की तो नवा विषय, आणि त्यावर निर्णय तुमच्याच हातात असतो.

---

गोदाकाठ

हे पटलं. आमच्याकडे खरंच तसंच अडलं आहे. रक्कम भरायची आहे हे तोंडी कळलं होतं, पण ते कुठल्याच सभेपुढे आलं नाही. सगळे अजून महावितरणलाच बोलतात.

---

नाना_कोथरूड

वसुधाताई, अनुभव बोलतो हे मान्य. पण एक विचारतो. काही ठिकाणी म्हणतात की विषय तीनदा पुढे ढकलला की चौथ्यांदा ढकलायचा नाही, निकालच लावायचा. हे मला पटत नाही. आमचं मानीव अभिहस्तांतरण घ्या. जुनी कागदपत्रं गोळा करणं, अर्ज, सुनावण्या. त्याला तीन सभांची मर्यादा घालून काय साधणार?

---

वसुधाताई

नाना, तो नियम मी पाळते, पण त्याचा अर्थ विषय संपवणं असा नाही. तिसऱ्यांदा तीच ओळ, तेच पाऊल पुढे गेलं तर अध्यक्षांनी थांबून विचारायचं: माणूस बदलायचा का, पाऊल चुकीचं आहे का, की हे काम आता नकोच आहे? नको असेल तर "सोडून दिला, कारण अमुक" असं स्पष्ट लिहायचं. मृण्मयीच्या टाकीसारखं आपोआप गायब होऊ द्यायचं नाही. अभिहस्तांतरणात दर वेळी पाऊल वेगळं असेल तर तीन ची मोजणी पुन्हा सुरू होते.

---

नाना_कोथरूड

पण सुनावणीची पुढची तारीख मिळेपर्यंत चार-पाच सभा पाऊल तेच राहतं. "तारखेची प्रतीक्षा." आम्ही दर सभेत तेच वाचायचं आणि अध्यक्षांनी दर तिसऱ्या सभेत तेच विचारायचं? मी तरी असे न्यायालयीन आणि सरकारी विषय या यादीतून काढून वेगळे ठेवीन, तिमाहीला एकदा पाहीन.

---

खतावणी

मी नानांच्या बाजूने. नुसत्या यादीची लांबी वाढते आणि लोक वाचणं सोडतात. त्याचप्रमाणे अग्निसुरक्षेचं प्रपत्र ब दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, तेही प्रलंबित यादीत नको. ते वार्षिक वेळापत्रकात हवं. दरवर्षी ठरलेलं काम "मागील सभेवरून आलेलं" नसतं.

---

वसुधाताई

प्रपत्र ब बद्दल पूर्ण सहमत. न्यायालयीन विषयांबद्दल नाही. वेगळ्या यादीत गेलेला विषय हळूहळू कोणाचाच राहत नाही, हे मी खात्यात फार पाहिलं आहे. वकिलाने तारीख चुकवली आणि समितीला चार महिन्यांनी कळलं असं होतं. एक ओळ दर महिन्याला समोर असली तर कोणीतरी "वकिलांना फोन केला का?" एवढं तरी विचारतं. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, नाना.

---

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या वर्षभराची इतिवृत्तं घेऊन मी बसले. प्रत्येक "ठरले", "करावे", "पाठपुरावा करावा" खाली रेघ मारली आणि त्या प्रत्येकाचा शेवट कुठे आहे ते पुढच्या पानांत शोधलं. तीन प्रकार निघाले. काहींचा शेवट लिहिलेला आहे. काही काम झालं आहे पण नोंद नाही, उदाहरणार्थ गेटवरचा दिवा बसला आहे पण "बसवला" असं कुठेच नाही. आणि काही ना झाले ना सोडले. तिसऱ्या प्रकाराला मूळ सभेप्रमाणे क्रमांक दिले. दुसऱ्या प्रकाराचं काय करू? समितीचे काही सदस्य म्हणतात, झालंय ना, मग उगाच कशाला.

---

वसुधाताई

एकाच सभेत एक नोंद: "खालील कामे पूर्ण झाली असल्याचे समितीने पाहून विषय बंद केले," आणि खाली यादी. कोणी पाहिलं त्यांची नावं लिही. मागच्या तारखेच्या इतिवृत्तात काही घालू नकोस, आज समजलं ते आजच्या तारखेला. हमी असलेली कामं असतील तर हमीची मुदत तिथेच लिहून ठेव, ती पुढे लागते.

---

अभंग

माझ्या एक्सेलमध्ये "मूळ सभा" आणि "मागच्या सभेपासून काय झालं" असे दोन रकाने वाढवले. आणि "पूर्ण"च्या जागी "कशावरून पूर्ण". समितीला दाखवलं तर पहिलाच प्रश्न आला की यादीत प्रत्येक ओळीवर नाव आलं तर लोक जबाबदारी घ्यायलाच नाही म्हणतील. कोणाला असा अनुभव आहे का?

---

गोदाकाठ

आहे. आमच्याकडे पहिल्या वेळी तसंच झालं. मग आम्ही नाव सभेत त्या माणसाला विचारून, त्याने "हो" म्हटल्यावरच लिहायला लागलो. तारीखही त्यालाच द्यायला सांगतो. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकत नाही. यामुळे कुरकुर कमी झाली, पण काही कामांना नावच मिळत नाही हेही खरं. ती ओळ सरपंचांच्या नावावर जाते.

वसुधाताई, एक शेवटचं. ज्याच्या नावावर काम आहे त्याची बदली झाली किंवा त्याने राजीनामा दिला तर? आमच्याकडे हे सतत होतं.

---

वसुधाताई

पदाच्या नावावर लिहिलेलं काम त्या पदावर येणाऱ्याकडे जातं. व्यक्तीच्या नावावर असलेलं काम पुढच्या सभेत दुसऱ्याला विचारून द्यायचं, आणि तोवर अध्यक्ष किंवा सरपंचांकडे धरायचं. पदभार देताना त्याच्या नावावरच्या ओळी छापून, त्याच्यासमोर, प्रत्येकीखाली "शेवटचं काय झालं आणि कागद कुठे आहे" हे लिहून घ्या. गेल्यावर फोनवर विचारून अर्धंच मिळतं. जावक क्रमांक तर बहुधा कोणाच्या लक्षात नसतो.